क्लास सोडला, आता फीचे काय?

लातूरच्या ट्यूशन एरियात जून महिन्यात प्रवेशाचा फॉर्म भरून घेण्याचे काम फार झपाट्याने चालते. काउंटरवरचा माणूस फॉर्म पुढे सरकवतो आणि पेन्सिलने केलेल्या फुल्या दाखवतो: इथे सही, इथे सही, मागच्या पानावर एक सही. पालक फीचा आकडा वाचतात, हप्त्यांच्या तारखा वाचतात, वसतिगृहाची चौकशी करतात. मागच्या पानावर बारीक अक्षरात छापलेला ‘रिफंड पॉलिसी’ नावाचा मजकूर बहुतेक वेळा न वाचताच सही होते. मुलाने क्लास मध्येच सोडला, तर पुढचे सगळे भांडण त्या मागच्या पानावरच होते.

अशा वेळी घरोघरी दोन टोकाच्या समजुती आढळतात. ‘एकदा भरलेले पैसे परत मिळत नसतात, सही केली आहे ना आपण’ ही पहिली. ‘आपण शिकलोच नाही तर पैसे कसले, सगळे परत द्या’ ही दुसरी. पहिल्या समजुतीपायी हजारो रुपये सोडून दिले जातात. दुसरीपायी मागणी इतकी ढोबळ होते की संस्थेला ती झटकून टाकणे सोपे जाते. पैसे परत मिळवणारी माणसे यांच्या मधली वाट धरतात. ती आधी संस्थेच्याच छापील अटी हातात घेतात, त्या अटींप्रमाणे किती रक्कम निघते याचा हिशेब करतात आणि त्यानंतर कायद्याकडे जातात. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण संस्थेला स्वतःच्या अटी नाकारता येत नाहीत.

हे नेमके कसे होते, ते एका नमुन्याच्या प्रकरणावरून पाहू. आकडे मांडणी समजावी म्हणून घेतले आहेत, पण अटी आणि संस्थेची उत्तरे ज्यांनी असा अर्ज केला आहे त्यांना ओळखीची वाटतील.

धाराशिव जिल्ह्यातली एक मुलगी. ‘नीट’ परीक्षा पुन्हा द्यायची म्हणून वडिलांनी तिला लातूरच्या एका क्लासमध्ये घातले. फी एक लाख रुपये: त्यात नोंदणी शुल्क १०,०००, छापील नोट्स आणि पुस्तकांचे १०,००० आणि शिकवणीचे ८०,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १८,०००. एकूण १,१८,००० रुपये मे महिन्यातच एकरकमी भरले, कारण एकरकमी भरणाऱ्याला सवलत होती. बॅच १० जूनला सुरू झाली. माहितीपत्रकात लिहिले होते की एका बॅचमध्ये ६० विद्यार्थी असतील आणि फिजिक्सला संस्थेचे नावाजलेले सर असतील. वर्गात दीडशेच्या आसपास मुले निघाली आणि ते सर दुसऱ्याच शाखेत शिकवत होते. दोन आठवड्यांत मुलीने क्लास सोडायचे ठरवले.

फॉर्मच्या मागच्या पानावर अटी अशा होत्या. नोंदणी शुल्क परत मिळणार नाही. दिलेल्या पुस्तकांचे पैसे परत मिळणार नाहीत. बॅच सुरू झाल्यापासून १५ दिवसांच्या आत लेखी किंवा ईमेलने कळवल्यास शिकवणी शुल्काचे ७५ टक्के परत, ३० दिवसांच्या आत कळवल्यास ५० टक्के, त्यानंतर काहीही नाही. कोणताही वाद झाल्यास लातूरच्या न्यायालयातच जावे लागेल.

वडिलांनी २३ जूनला रात्री संस्थेच्या ईमेलवर चार ओळी लिहून पाठवल्या: मुलगी उद्यापासून क्लासला येणार नाही, प्रवेश रद्द करावा, अटींप्रमाणे पैसे परत करावेत. पुढे जे झाले ते जवळपास ठरलेल्या पद्धतीने होते. उत्तर आले नाही. फोन केला तर ‘आधी काउन्सेलर मॅडमना भेटा’. भेट घेतली तर ‘बॅच बदलून देतो, आठ दिवस बघा’. पुन्हा गेल्यावर ‘रिफंडचा फॉर्म सर आल्यावर मिळेल’. फॉर्म हातात पडला तो ४ जुलैला. महिनाअखेरीस उत्तर आले की तुमचा अर्ज ४ जुलैचा, म्हणजे १५ दिवस उलटून गेल्यानंतरचा आहे, म्हणून ८०,००० च्या ५० टक्के म्हणजे ४०,००० मिळतील आणि जीएसटी सरकारजमा झाल्याने तो परत देता येणार नाही.

इथे हिशेबाला बसले पाहिजे. अटीत ‘लेखी किंवा ईमेलने’ असे शब्द आहेत. ‘संस्थेच्या छापील फॉर्मवरच’ असे कुठेही म्हटलेले नाही. ईमेल २३ जूनचा, म्हणजे बॅचचा चौदावा दिवस. म्हणून ७५ टक्क्यांचा टप्पा लागू होतो आणि शिकवणी शुल्कापैकी ६०,००० रुपये निघतात. त्यावर भरलेला १८ टक्के जीएसटी १०,८००. संस्थेच्या स्वतःच्या अटींनीच ७०,८०० रुपये होतात आणि संस्था देऊ करते ४०,०००. तीस हजार आठशे रुपयांचा फरक एका तारखेत आणि एका करात दडलेला आहे.

तारखेचा मुद्दा जवळजवळ प्रत्येक प्रकरणात येतो. क्लास सोडल्याची तारीख कोणती धरायची: मुलगी वर्गात शेवटची बसली तो दिवस, ईमेलचा दिवस, की फॉर्म भरल्याचा दिवस? टप्प्याटप्प्याने कमी होणाऱ्या परताव्यात संस्थेला जितका उशीर होईल तितका फायदा असतो आणि म्हणूनच फॉर्म लवकर मिळत नाही. त्यामुळे तोंडी बोलणे कितीही गोड झाले तरी पहिल्याच दिवशी ईमेल जायला हवा. प्रवेशाच्या वेळी दिलेल्या पत्त्यावरूनच तो पाठवावा, म्हणजे ‘हा मेल कुणाचा हे कळले नाही’ म्हणायला जागा राहत नाही. सोबत तेच पत्र स्पीड पोस्टने पाठवावे आणि पोस्टाच्या संकेतस्थळावरची पोहोच जपून ठेवावी. प्रत्येक भेटीनंतर ‘आज दुपारी आपल्या कार्यालयात भेटलो, फॉर्म उपलब्ध नाही असे सांगितले’ एवढा एका ओळीचा ईमेल टाकला की नंतर आयोगासमोर उशीर कुणी केला हे सांगावे लागत नाही, ते कागदावरच दिसते.

बॅच बदलून देण्याच्या प्रस्तावाबाबत विशेष सावध राहायला हवे. बदलीच्या फॉर्मवर सही केली की प्रवेश चालू ठेवण्यास तुम्ही संमती दिली असा अर्थ संस्था काढते आणि आधीचा रद्दीकरणाचा अर्ज मागे घेतला असे म्हणते. संस्थेच्या मोबाइल अॅपचेही तसेच आहे. अर्ज केल्यानंतरही मुलगा घरी बसून अॅपवर व्याख्याने बघत राहिला, तर त्या लॉगिनच्या नोंदी पुढे पुरावा म्हणून मांडल्या जातात. अर्जाच्या दिवशीच अॅप बंद करावे, ओळखपत्र परत करावे आणि त्याची पोच घ्यावी. न उघडलेले नोट्सचे संच असतील तर तेही परत द्यावेत. उघडून वापरलेल्या पुस्तकांचे पैसे मागण्यात अर्थ नसतो. ते सोडून दिले तर उरलेली मागणी जास्त वजनदार होते.

जीएसटीच्या नावाने पैसे अडवणे ही सर्रास चालणारी गोष्ट आहे आणि ती पालकांना पटतेही, कारण सरकारकडे गेलेला पैसा परत कसा येणार असे वाटते. कायदा वेगळे सांगतो. सेवा दिलीच नाही किंवा घेतलेली रक्कम कमी करावी लागली, तर संस्था त्या रकमेची क्रेडिट नोट काढते आणि तेवढा कर आपल्या पुढच्या विवरणपत्रात कमी करून घेते. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ३४ मध्ये ही सोय आहे. त्यासाठी मुदत असते ती आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत, किंवा त्याआधी वार्षिक विवरणपत्र भरले असेल तर त्या दिवसापर्यंत. जूनमध्ये रद्द झालेल्या प्रवेशासाठी संस्थेच्या हाती भरपूर वेळ असतो. म्हणून मागणीपत्रात ‘परताव्याच्या रकमेवरील जीएसटीसह, क्रेडिट नोट काढून’ असे स्पष्ट लिहावे. या दोन शब्दांनी हिशेबनीस लगेच सावध होतो.

आता संस्थेच्या अटींच्या पलीकडे जाऊ. बॅच सुमारे १० महिन्यांची होती, १० जून ते ९ एप्रिल, म्हणजे ३०४ दिवस. मुलगी १४ दिवस गेली. शिकवणी शुल्काचा दिवसांवर हिशेब केला तर १४ दिवसांचे जेमतेम ३,७०० रुपये होतात आणि ७६,३०० च्या आसपास उरतात. अटींनी मिळणारे ६०,००० आणि दिवसांच्या हिशेबाने निघणारे ७६,३०० यांतला फरक मागता येतो का? मागता येतो. मात्र तो मिळेलच याची खात्री देता येत नाही आणि असे का, हे समजून घेण्यासारखे आहे.

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग केंद्रांच्या नोंदणी आणि नियमनासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. पूर्ण फी भरलेला विद्यार्थी मध्येच सोडून गेला, तर उरलेल्या काळाची फी त्या प्रमाणात १० दिवसांच्या आत परत करावी, असे त्यांत म्हटले आहे. वसतिगृह आणि खाणावळीचे उरलेले पैसेही परत करायचे आहेत. अभ्यासक्रम सुरू असताना फी वाढवायची नाही, फीची पावती द्यायचीच, हेही त्यात आहे. सूचना स्पष्ट आहेत, पण त्या राज्यांना दिलेल्या आहेत. त्यांना दंडाचे बळ यायचे तर राज्याने आपला कायदा किंवा नियम करावा लागतो. कोटा शहर ज्या राज्यात आहे त्या राजस्थानच्या विधानसभेने सप्टेंबर २०२५ मध्ये असा कायदा मंजूर केला. राज्याचा कायदा नसेल तिथे या सूचनांचा उपयोग एवढाच की उचित वागणूक कशाला म्हणायचे याचे सरकारने मान्य केलेले माप तक्रारदाराला मिळते. ते माप ग्राहक आयोगापुढे ठेवता येते आणि ठेवावे.

ग्राहक आयोगांत हा वाद नवा नाही. दिल्लीतल्या ‘सहगल स्कूल ऑफ कॉम्पिटिशन’ या संस्थेचे प्रकरण राष्ट्रीय आयोगापर्यंत गेले होते आणि २००९ सालच्या त्या निकालाचा हवाला आजही दिला जातो. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या दोन वर्षांच्या शिकवणीसाठी एका विद्यार्थ्याने अठरा हजारांहून अधिक रुपये भरले होते. शिकवण्याचा दर्जा न पटल्याने त्याने क्लास सोडला आणि उरलेले पैसे मागितले. सगळ्या अभ्यासक्रमाची फी एकदम घेऊन ठेवणे आणि विद्यार्थी सोडून गेला तरी ती परत न करणे योग्य नाही, अशी भूमिका आयोगाने घेतली. तिच्या मागे सर्वोच्च न्यायालयाच्या २००३ मधल्या ‘इस्लामिक अकॅडमी’ निकालातला विचार होता. व्यावसायिक महाविद्यालयांनी एका वेळी एका सत्राची किंवा एका वर्षाचीच फी घ्यावी, आगाऊ घेतलीच तर ती राष्ट्रीयीकृत बँकेत ठेवावी, असे त्या निकालात म्हटले होते. तो निकाल महाविद्यालयांबद्दल होता, पण आगाऊ फी घेऊन विद्यार्थ्याला अडकवून ठेवू नये हे त्यातले तत्त्व आयोगांनी क्लासेसनाही लावले.

शाळा-महाविद्यालये ग्राहक कायद्याखाली येतात की नाही, यावर बरीच वर्षे वाद झाला. राष्ट्रीय आयोगाच्या तीन सदस्यांच्या पीठाने जानेवारी २०२० मध्ये शिक्षणसंस्थांना ग्राहक कायद्याच्या बाहेर ठेवले, पण त्याच निकालात कोचिंग संस्थांचा अपवाद केला. म्हणून ‘आम्ही शिक्षणसंस्था आहोत, आम्हाला ग्राहक कायदा लागू नाही’ असे उत्तर एखाद्या क्लासने पाठवले, तर त्या निकालाचा उल्लेख एका वाक्यात करावा. क्लास ही सेवा आहे आणि फी भरणारा ग्राहक आहे, हे त्यातून पुरेसे स्पष्ट होते.

मग ‘सही केली आहे ना’ या आक्षेपाचे काय? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ‘अनुचित करार’ ही कल्पना प्रथमच कायद्यात आणली. झालेल्या नुकसानीच्या मानाने फारच मोठा दंड ग्राहकावर लादणारी अट त्या व्याख्येत बसते. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये एका बांधकाम कंपनीच्या प्रकरणात सांगितले की एका पक्षाने छापून ठेवलेल्या एकतर्फी अटींवर दुसऱ्याने सही केली, एवढ्यावरून त्या त्याच्यावर बंधनकारक ठरत नाहीत. इथे एक बारकावा आहे आणि तो चुकला तर तक्रार लटकते. करारातली अट अनुचित ठरवून रद्द करण्याचा अधिकार कायद्याने राज्य आणि राष्ट्रीय आयोगाला दिला आहे, जिल्हा आयोगाला नाही. जिल्हा आयोगात तक्रार करताना ‘अमुक अट रद्द करा’ अशी मागणी करू नये. सेवेत त्रुटी होती आणि संस्थेने अनुचित व्यापार प्रथा अवलंबली, म्हणून रक्कम परत द्या, अशी मांडणी ठेवावी.

क्लास सोडण्याचे कारण इथे उपयोगी पडते. अनुचित व्यापार प्रथेच्या व्याख्येतच म्हटले आहे की त्रुटी असलेली सेवा थांबवून पावतीवर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर ३० दिवसांत, पैसे परत न करणे ही अनुचित प्रथा आहे. पण त्यासाठी त्रुटी दाखवावी लागते. ‘मुलीचे मन रमले नाही’ असे लिहिले तर ती त्रुटी होत नाही. ‘माहितीपत्रकात ६० विद्यार्थ्यांची बॅच सांगितली, प्रत्यक्षात दीडशे होते, आणि ज्या शिक्षकांचे नाव छापले ते या बॅचला शिकवतच नाहीत’ असे लिहिले आणि ते माहितीपत्रक जोडले तर ती त्रुटी होते. खोटे कारण रचण्याची गरज नसते. खरे कारण नेमके सांगायचे एवढेच. या बाबतीत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंग क्षेत्रातल्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. अभ्यासक्रम, शिक्षक, फी आणि परताव्याचे धोरण यांबद्दल खोटे दावे करण्यास त्यांत मनाई आहे.

ज्याने निव्वळ वैयक्तिक कारणाने क्लास सोडला, त्याची बाजू अर्थातच कमजोर असते. आयोगांचे निकाल अशा प्रकरणांत दोन्ही बाजूंनी गेलेले दिसतात. आठ महिने शिकून, सगळ्या चाचण्या देऊन, परीक्षेच्या तोंडावर पैसे मागणाऱ्याला फारसे काही मिळत नाही आणि मिळूही नये. संस्थेने शिक्षक नेमलेले असतात, जागा भाड्याने घेतलेली असते, हा खर्च खरा असतो. ‘तुमच्या मुलीची जागा रिकामी राहिली’ असा दावा मात्र तपासून पाहावा. ज्या महिन्यात मुलगी सोडून गेली त्याच महिन्यात ‘नव्या बॅचचे प्रवेश सुरू’ अशी जाहिरात संस्थेने केली असेल, तर तिचे कात्रण किंवा छायाचित्र तारखेसह जपून ठेवावे. नव्या मुलांना घेणे चालू असताना जागा वाया गेली म्हणणे अवघड जाते.

आता पत्र. मागणीपत्र लांबलचक आणि संतापलेले असण्याची गरज नाही. या प्रकरणात ते साधारण असे होईल: ‘माझ्या मुलीचा प्रवेश मी दि. २३ जून रोजी ईमेलने रद्द केला. आपल्या प्रवेश अर्जाच्या मागील पानावरील अटीनुसार हा अर्ज १५ दिवसांच्या आतला आहे. त्यानुसार शिकवणी शुल्क ८०,००० च्या ७५ टक्के म्हणजे ६०,००० आणि त्यावरील जीएसटी १०,८०० असे ७०,८०० रुपये आपण निर्विवादपणे देणे लागता. ही रक्कम हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत माझ्या बँक खात्यात जमा करावी. प्रत्यक्ष शिकवणी १४ दिवसांचीच झाली असल्याने आणि माहितीपत्रकातील आश्वासने पाळली न गेल्याने उरलेल्या रकमेवरील माझा हक्क मी राखून ठेवत आहे.’ सोबत पावती, अटींचे पान, ईमेलची प्रत आणि माहितीपत्रक.

शेवटचे वाक्य विसरू नये. संस्था ४०,००० चा धनादेश तयार ठेवते आणि एक पत्र पुढे करते: ‘पूर्ण आणि अंतिम रक्कम मिळाली, यापुढे कोणताही दावा नाही.’ त्यावर तशीच सही केली तर पुढची तक्रार जवळजवळ संपते. पैसे घ्यायला हरकत नाही. पण सहीसोबत ‘हक्क राखून, अंशतः रक्कम म्हणून स्वीकारली’ असे हाताने लिहावे आणि त्या कागदाचा फोटो काढून घ्यावा. संस्था तसे लिहू देत नसेल तर सही न करता परत यावे आणि तसा ईमेल पाठवावा.

फी कर्जाने भरली असेल तर गुंता वाढतो. बऱ्याच संस्था ‘बिनव्याजी हप्ते’ म्हणून ज्या कागदांवर सह्या घेतात, ते प्रत्यक्षात एखाद्या वित्तसंस्थेचे कर्ज असते. संस्थेला पूर्ण फी एकदम मिळालेली असते आणि हप्ता पालकांच्या खात्यातून दरमहा वळता होत राहतो. क्लास सोडला म्हणून कर्ज बंद होत नाही. परतावा कर्जखात्यात जमा करून खाते बंद करावे, असे संस्थेला आणि वित्तसंस्थेला दोघांनाही लेखी कळवावे लागते. रागाच्या भरात नुसता बँकेतला हप्ता थांबवला, तर क्रेडिट स्कोअर पालकाचा बिघडतो, संस्थेचे काहीच बिघडत नाही. पुढच्या तारखांचे धनादेश दिलेले असतील तर तेही परत मागावेत आणि वटवू नयेत असे पत्र द्यावे.

पत्राला उत्तर आले नाही तर पहिली पायरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनची आहे, क्रमांक १९१५. मराठीत बोलता येते आणि पैसे लागत नाहीत. हेल्पलाइन निकाल देत नाही. ती तक्रार नोंदवून संस्थेकडे पाठवते आणि उत्तर मागते. तरी तिला कमी लेखू नये. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जाहीर केले की नागरी सेवा, अभियांत्रिकी आणि इतर अभ्यासक्रमांच्या ६०० हून अधिक विद्यार्थ्यांना या मार्गाने १.५६ कोटी रुपये परत मिळाले. मोठ्या, अनेक शहरांत शाखा असलेल्या संस्था नावाला जपतात. त्यांच्याबाबत हा मार्ग जास्त चालतो. गल्लीतला छोटा क्लास असेल तर आयोगाकडे जाण्याची तयारी ठेवावी.

जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार भरलेल्या रकमेवरून जाते. ५० लाखांपर्यंतची प्रकरणे तिथेच चालतात आणि भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीचे शुल्कच नाही. वकील सक्तीचा नाही. ई-जागृती संकेतस्थळावरून घरबसल्या तक्रार दाखल करता येते. वडिलांनी पैसे भरले असल्याने तक्रारदार म्हणून त्यांचे नाव असणे सोयीचे. समोरचा पक्ष लिहिताना फलकावरचे नाव पुरत नाही. पावतीवर जीएसटी क्रमांकाखाली कंपनीचे, भागीदारी संस्थेचे किंवा मालकाचे जे नाव छापलेले असते ते घ्यावे. शाखा फ्रँचायझी असेल तर मूळ संस्था आणि शाखाचालक दोघांनाही पक्ष करावे, नाहीतर दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात.

आणि ती लातूरच्या न्यायालयाची अट? २०१९ च्या कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. त्यामुळे धाराशिवच्या वडिलांना धाराशिवच्या आयोगातच जाता येईल. छापील फॉर्ममधल्या अटीने हा हक्क जात नाही. काही फॉर्मांत लवादाची अट असते. तीही ग्राहक आयोगाचा दरवाजा बंद करत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांत करावी लागते. ‘बघू, देतील’ म्हणत हा काळ निसटू देऊ नये, कारण संस्थेची तोंडी आश्वासने मुदत वाढवत नाहीत.

तक्रारीत रक्कम कशी मागावी, याचेही एक शहाणपण आहे. १,१८,००० सगळे मागितले तर संस्थेचा वकील १४ दिवसांची हजेरी आणि पुस्तके दाखवून मागणी अवाजवी ठरवतो. त्याऐवजी मुख्य मागणी दिवसांच्या हिशेबाची ठेवावी, म्हणजे ७६,३०० आणि त्यावरचा जीएसटी, मिळून ९०,००० च्या आसपास. ती मान्य नसेल तर किमान संस्थेच्या अटींप्रमाणे ७०,८००. त्यावर व्याज, मानसिक त्रासाची वाजवी भरपाई आणि तक्रारीचा खर्च. नोंदणी शुल्काबद्दल मागणी करता येते, पण ते प्रवेशाच्या प्रक्रियेचे पैसे म्हणून संस्थेकडे ठेवण्याकडे आयोगांचा कल असू शकतो, हे धरून चालावे.

नोटीस मिळाल्यापासून संस्थेला उत्तरासाठी ३० दिवस मिळतात आणि आयोग फार तर आणखी १५ देऊ शकतो. त्यापुढे मुदत वाढवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने २०२० मध्ये ठरवले. कायद्याप्रमाणे निकाल तीन महिन्यांत व्हावा, पण प्रत्यक्षात त्याहून बराच वेळ जातो. म्हणून आयोगाने मध्यस्थीचा पर्याय पुढे ठेवला तर त्याचा विचार करावा. अटींप्रमाणे निघणारी पूर्ण रक्कम त्यात मिळत असेल, तर बहुतेक कुटुंबांसाठी तो सौदा चांगला असतो.

आदेश बाजूने लागला आणि संस्थेने राज्य आयोगात अपील करायचे ठरवले, तर तिला ४५ दिवसांत अपील करावे लागते आणि आदेशातील रकमेच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते. लहान रकमेच्या प्रकरणांत संस्था इथेच थांबण्याची शक्यता जास्त. अपीलही केले नाही आणि पैसेही दिले नाहीत, तर त्याच जिल्हा आयोगात अंमलबजावणीचा अर्ज करता येतो. दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखी वसुली होते. शिवाय आदेश न पाळणाऱ्याला कायद्याच्या कलम ७२ खाली एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद किंवा २५,००० पासून एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. या अर्जाची नोटीस पोचल्यावर संस्थेच्या कार्यालयातून पालकांना फोन येतो आणि बँक खात्याचा क्रमांक विचारला जातो, असे अनेकदा होते. तो क्रमांक ईमेलनेच पाठवावा आणि रक्कम खात्यात जमा झाल्याशिवाय अर्ज मागे घेऊ नये.